तीन आठवड्यांत शास्त्राचा पेपर: आधी लेखन, मग श्रुती, शेवटी घड्याळ

«बाई, मी डिचोलीची. रोज कदंबाने पणजीला कचेरीत जाते. गायन विशारदचा शास्त्र आणि इतिहासाचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय. गाण्याची तयारी बरी आहे, पण पुस्तक उघडलं की ग्रंथ, श्रुती, सनावळ्या सगळं एकमेकांत मिसळतं. संध्याकाळी दीड तास मिळतो, शनिवार-रविवार मोकळे असतात. रोज नेमकं काय करू?»

आधी तास मोजूया. पंधरा संध्याकाळी दीड-दीड तास म्हणजे साडेबावीस तास. सहा सुट्ट्यांचे दिवस चार-चार तास धरले तर चोवीस. एकूण साधारण सेहेचाळीस तास तुमच्या हातात आहेत, आणि बसमधला वेळ वेगळा. सेहेचाळीस तास कमी नाहीत. पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर त्यातले वीस तास तिथेच जातील आणि हातून एक ओळही लिहून झालेली नसेल. म्हणून वाचनाने सुरुवात करू नका.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अभ्यासक्रमाची पत्रिका आणि जुन्या दोन-तीन प्रश्नपत्रिका समोर घ्या. प्रत्येक विषयावर पुस्तक न उघडता पाच ओळी लिहून पाहा. दीड तासात तीन ढीग आपोआप पडतील: लिहिता येतं ते, गाताना कळतं पण लिहिता येत नाही ते, आणि मुळात माहीतच नाही ते. तुमच्यासारख्या गाणाऱ्या विद्यार्थ्यांचा मधला ढीग सर्वांत मोठा निघतो. रागांची माहिती, तुलना, ताल, बंदिशीचं लेखन हे सगळं त्यात असतं. तिथे तीन आठवड्यांत सर्वांत जास्त गुण मिळतात, म्हणून पहिला आठवडा त्यालाच द्यायचा. दुसरा आठवडा श्रुती-स्वर आणि इतिहासाला, तिसरा पूर्ण पेपर लिहायला.

पहिल्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार फक्त लयकारीचं लेखन करा. हा प्रश्न गणितासारखा आहे. बरोबर आला तर पूर्ण गुण, आणि एक अवग्रह चुकीच्या जागी पडला की पुढची सगळी ओळ चुकते. झपताल घेऊन दाखवते, कारण दहा मात्रांमुळे त्यात सगळ्या अडचणी येतात. ठेका तुम्हाला पाठ आहे: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुन एकदा म्हणून समेवर यायचं तर दहा बोलांना पाच मात्रा लागतात, म्हणून सहाव्या मात्रेपासून सुरू करायचं. इथवर सर्वांचं बरोबर येतं.

तिगुनीत दहाला तीनने भाग जात नाही आणि विद्यार्थी तिथेच थबकतात. नियम सोपा आहे. बोलांच्या संख्येच्या पुढची, तीनने भाग जाणारी संख्या घ्या, ती बारा. बारा भागिले तीन म्हणजे चार मात्रा. दहा बोलांना दोन जागा कमी पडतात, तिथे दोन अवग्रह, आणि ते नेहमी सुरुवातीला. चार मात्रा दहाव्या मात्रेला संपवायच्या तर सुरुवात सातवीत होते. म्हणून सातवी ते दहावी मात्रा अशी लिहिली जाते:

ऽऽधी | नाधीधी | नातीना | धीधीना

चौगुनीतही तेच. चारने भाग जाणारी पुढची संख्या बारा, म्हणून तीन मात्रा, दोन अवग्रह आणि सुरुवात आठवीत:

ऽऽधीना | धीधीनाती | नाधीधीना

ह्या ओळी समजाव्यात म्हणून एका सरळ रेषेत दिल्या आहेत. उत्तरपत्रिकेत विभागाच्या उभ्या रेघा मूळ तालाच्याच जागी हव्यात, आणि खाली सम, टाळी, खालीची चिन्हं हवीत. तिगुनीच्या ओळीत सातवी मात्रा तिसऱ्या विभागाची शेवटची आहे, म्हणून तिच्यानंतर विभागाची रेघ येते. पुष्कळ मुली बोल बरोबर लिहितात आणि ही रेघ विसरतात.

आता चौदा मात्रांचा धमार स्वतः मांडून पाहा. तिगुनीत पंधरा जागा, पाच मात्रा, एकच अवग्रह, सुरुवात दहावीत. चौगुनीत सोळा जागा, चार मात्रा, दोन अवग्रह, सुरुवात अकरावीत. मग एकताल करा. बाराला तीन आणि चार दोन्हींनी भाग जातो, त्यामुळे एकही अवग्रह लागत नाही. तिगुन नवव्या मात्रेपासून, चौगुन दहाव्यापासून. झपतालाच्या सवयीने एकतालातही अवग्रह टाकलेले मी उत्तरपत्रिकांत नेहमी पाहते.

लिहून झालं की हातावर टाळी देत तीच ओळ म्हणा. लिहिलेलं चुकलं असेल तर सम दुसरीकडेच पडेल आणि तुमच्या कानाला ते लगेच कळेल. गाणाऱ्याला हा फायदा आहे, तो वापरा. प्रश्नातली भाषाही नीट वाचा. काही वेळा ‘समेपासून दुगुन’ विचारतात. तेव्हा पूर्ण आवर्तनात ठेका दोनदा येतो. ‘एकदा म्हणून समेवर या’ असं असेल तर वरची रीत. दोन्ही बरोबर आहेत, फक्त विचारलेली लिहायची.

शुक्रवारची संध्याकाळ स्वरलिपीला द्या. इथे एक गोष्ट जपावी लागते. भातखंडे आणि पलुस्कर ह्या दोन पद्धतींत काही चिन्हं सारखी दिसतात आणि त्यांचे अर्थ उलटे आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तारसाठी डोक्यावर उभी रेघ येते. भातखंडे पद्धतीत शून्य म्हणजे खाली, पलुस्कर पद्धतीत शून्य म्हणजे अर्धी मात्रा आणि खालीला अधिकचं चिन्ह. कोमल स्वरासाठी एकीकडे खाली आडवी रेघ, दुसरीकडे पाय मोडल्याची खूण. माझी एक विद्यार्थिनी गाण्यात फार चांगली होती. तिने यमनची बंदिश पलुस्कर लिपीत लिहिली, पण सवयीने तार षड्जावर टिंब दिलं. त्यामुळे कागदावर अंतरा सबंध मंद्रात उतरला. गाताना ती असं कधीच करणार नाही, पण तपासणाऱ्यापुढे फक्त कागद असतो. म्हणून एकच ओळखीची बंदिश, स्थायीच्या दोन आणि अंतऱ्याच्या दोन ओळी, समोरासमोरच्या पानांवर दोन्ही लिप्यांत लिहा. वर पद्धतीचं नाव लिहायला विसरू नका. दोन पानं समोरासमोर ठेवल्याने फरक डोळ्यांत बसतो.

पहिल्या शनिवारी रागांची तुलना करा. ह्याला फार वेळ लागणार नाही, कारण राग तुमच्या गळ्यात आहेत. लिहिताना चूक होते ती क्रमाची. पुष्कळ जण एका रागाची सगळी माहिती लिहितात, मग दुसऱ्याची, आणि तुलना राहूनच जाते. भूप आणि देशकार घ्या. पहिल्याच वाक्यात लिहा की दोन्हींचे स्वर तेच पाच आहेत, सा रे ग प ध. मग फरक कुठे पडतो ते सांगा. भूपात गंधार वादी, धैवत संवादी आणि चाल पूर्वांगात. देशकारात धैवत वादी, गंधार संवादी आणि चाल उत्तरांगात. म्हणून थाट वेगळे मानले, कल्याण आणि बिलावल. म्हणून वेळाही वेगळ्या, रात्रीचा पहिला प्रहर आणि सकाळ. शेवटी दोन्हींचं दोन-दोन ओळींचं स्वरलेखन. ‘म्हणून’ हा शब्द उत्तरात आला की तुलना झाली असं समजा. मारवा, पूरिया, सोहनी ह्यांनाही हीच रीत लावा: स्वर तेच, वादी वेगळा, सप्तकातली जागा वेगळी.

आता श्रुतींकडे येते. सगळं एकमेकांत मिसळतं असं तुम्ही म्हणता त्याचं मूळ इथेच आहे. पहिला रविवार आणि दुसऱ्या आठवड्याचे पहिले दोन दिवस मी ह्या एकाच विषयाला देईन, कारण इतिहासातले निम्मे ग्रंथ ह्याच एका प्रश्नाला उत्तरं देत आले आहेत: शुद्ध स्वर कुठे बसतात? हा धागा हातात आला की ग्रंथांची नावं सुटी राहत नाहीत.

सप्तकात बावीस श्रुती, आणि सात स्वरांच्या वाट्याला अनुक्रमे चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन. हे सर्वांना पाठ असतं. प्रश्न असा की षड्जाच्या ‘चार श्रुती’ म्हणजे षड्जाच्या अलीकडच्या चार की पलीकडच्या चार? प्राचीन ग्रंथकारांनी स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर ठेवला. म्हणजे चार श्रुती चढून गेल्यावर षड्ज येतो. भातखंड्यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवला. म्हणजे षड्ज आधी आणि त्याच्या श्रुती त्याच्यापासून पुढे. आकडे तेच राहिले, मोजण्याची बाजू बदलली.

आता कागदावर एक ते बावीस रेघा आडव्या मारा आणि खाली दोन ओळी भरा. प्राचीन ओळीत सा चौथ्या श्रुतीवर, रे सातव्या, ग नवव्या, म तेराव्या, प सतराव्या, ध विसाव्या, नी बाविसाव्या. आधुनिक ओळीत सा पहिल्या, रे पाचव्या, ग आठव्या, म दहाव्या, प चौदाव्या, ध अठराव्या, नी एकविसाव्या. हे आकडे पाठ करायची गरज नाही. चार-तीन-दोनची बेरीज करत गेलात तर दोन्ही ओळी दोन मिनिटांत तयार होतात.

मग प्रत्येक ओळीत षड्जापासून पुढची अंतरं काढा. प्राचीन ओळीत सा ते रे तीन श्रुती, रे ते ग दोन. गंधार ऋषभाला अगदी चिकटून आला, म्हणजे आजच्या भाषेत तो कोमल गंधार. तसाच कोमल निषाद. म्हणजे प्राचीनांचं शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखं. आधुनिक ओळीत सा ते रे चार, रे ते ग तीन, ग ते म दोन, म्हणून गंधार वर सरकला आणि बिलावल तयार झाला. ‘प्राचीन शुद्ध सप्तक काफीसमान, आधुनिक बिलावल’ हे वाक्य पुस्तकात असतं, विद्यार्थी ते जसंच्या तसं उतरवतात, पण कारण विचारलं की गप्प होतात. कारण हे एवढंच आहे.

एकदा ते पेटीवर वाजवून पाहा. पांढरी एक षड्ज धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावल. त्याच पट्ट्या, पण षड्ज पांढरी दोनवर धरला, की काफी. श्रुतींचे आकडेही हेच सांगतात: आधुनिक सप्तकाची अंतरं ऋषभापासून मोजायला लागा, तीन-दोन-चार-चार-तीन-दोन-चार मिळतील, आणि तीच प्राचीन सप्तकाची षड्जापासूनची अंतरं आहेत. पेटीच्या पट्ट्यांवर श्रुतींची सूक्ष्म अंतरं ऐकू येत नाहीत, तेवढ्यासाठी पेटीवर विसंबू नका. स्वरांचा क्रम मात्र कानात पक्का बसतो.

ह्यानंतर भरताची सारणा चतुष्टयी घ्या. नुसती वाचली तर ती डोक्यावरून जाते, पण श्रुतींचा कागद समोर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. दोन वीणा षड्जग्रामात सारख्या लावल्या. एक अचल, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल. चल वीणेचा पंचम एक श्रुती उतरवायचा आणि मग त्याच्या हिशेबाने बाकीचे सगळे स्वर एकेक श्रुती उतरवायचे. ही पहिली सारणा, तिच्यात कुठलाच स्वर दुसऱ्या वीणेच्या वेगळ्या स्वराशी जुळत नाही. आणखी एक श्रुती उतरवली की चल वीणेचे गंधार आणि निषाद अचल वीणेच्या ऋषभ आणि धैवताशी जुळतात. म्हणजे त्या दोघांत दोन-दोन श्रुतींचं अंतर होतं हे सिद्ध झालं. तिसऱ्या सारणेत ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचमाशी जुळतात, तीन-तीन. चौथीत षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गंधार, मध्यमाशी, चार-चार. आता बेरीज करा. दोन स्वर दोनचे, म्हणजे चार. दोन स्वर तीनचे, सहा. तीन स्वर चारचे, बारा. चार, सहा, बारा, एकूण बावीस. ही बेरीज उत्तराच्या शेवटी लिहा. नुसतं वर्णन लिहिणाऱ्यापेक्षा बेरीज करून दाखवणाऱ्याला प्रयोग कळला आहे हे तपासणाऱ्याला दिसतं.

इथून इतिहास चालू होतो, आणि तो दुसऱ्या आठवड्याचे उरलेले दिवस घेईल. प्रत्येक ग्रंथकाराला एकच प्रश्न विचारत जा: तुम्ही स्वराची जागा कशी ठरवली? भरताने नाट्यशास्त्रात कानाने ठरवली, दोन वीणांवर. तिथे ग्राम, मूर्च्छना आणि अठरा जाती आहेत, आजच्या अर्थाने राग नाही. रागाची व्याख्या पहिल्यांदा मतंगाच्या बृहद्देशीत सापडते, म्हणून मतंगाचं उत्तर लिहिताना सगळा जोर तिथे ठेवा. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिला. सात अध्याय, म्हणून तो सप्ताध्यायी. स्वरगत, रागविवेक, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नर्तन हे त्याच क्रमाने पाठ करा, हे काम बसमध्ये होतं. शार्ङ्गदेवाकडेही स्वर शेवटच्या श्रुतीवरच आहे.

सतराव्या शतकात अहोबलाच्या संगीतपारिजातात मोठा फरक पडतो. तो स्वराची जागा तारेच्या लांबीने सांगतो. आता कानाबरोबर मोजपट्टी आली. पुस्तकांत तार छत्तीस इंच धरून हे समजावतात. मधोमध, अठरा इंचांवर तार षड्ज. सबंध तारेचा षड्ज आणि हा तार षड्ज ह्यांच्या मध्यावर, म्हणजे सत्तावीस इंचांवर मध्यम. पंचम चोवीस इंचांवर. आंदोलनं काढायची तर लांबी कमी तशी आंदोलनं जास्त, उलट प्रमाण. षड्ज २४० धरला तर मध्यम २४० गुणिले ३६ भागिले २७, म्हणजे ३२०. पंचम २४० गुणिले ३६ भागिले २४, म्हणजे ३६०. हे दोन हिशेब स्वतःच्या हाताने केलेत तर ह्या प्रश्नातले बाकीचे स्वरही करता येतील. विद्यार्थी बहुतेक वेळा गुणाकार-भागाकाराची अदलाबदल करतात. ताळा सोपा: वरच्या स्वराची आंदोलनं खालच्यापेक्षा कमी आली तर अदलाबदल झाली.

अहोबलाचंही शुद्ध सप्तक काफीसारखंच होतं. मग बिलावल कधी आला? १८१३ साली पाटण्याच्या मुहम्मद रझांच्या ‘नगमाते आसफी’त बिलावल शुद्ध सप्तक म्हणून दिसतो, आणि पुढे भातखंड्यांनी तोच पाया धरून दहा थाट मांडले. इथे तुमचा श्रुतींचा कागद पुन्हा काढा. स्वर पहिल्या श्रुतीवर का नेला ते आता स्पष्ट दिसेल: प्रचारातलं सप्तक बिलावलचं होतं, आणि जुनी चार-तीन-दोनची वाटणी न मोडता ते बसवायचं होतं.

सनावळ्यांबद्दल माझं मत सांगते. तीन आठवड्यांत शंभर सनं पाठ करू नका, आठ-दहा पुरतात, पण ती जोडीने ठेवा. भातखंडे आणि पलुस्कर हा जवळजवळ हमखास येणारा प्रश्न, आणि ह्यांच्याच संस्थांची अदलाबदल होते. पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि १९३१ साली मिरजेतच गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, म्हणून १९३१ हे एकच साल दोनदा कामाला येतं. भातखंडे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले, शिक्षणाने वकील. १९१६ साली बडोद्याची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, १९२६ साली लखनौचं मॅरिस कॉलेज, १९३६ साली निधन. लाहोर गायकाचं, लखनौ पंडिताचं, एवढं डोक्यात ठेवलंत तर दोन ‘ल’ एकमेकांत शिरणार नाहीत. उत्तरात दोघांच्या कामाचा फरकही ह्याच क्रमाने लिहा. एकाने विद्यालय, शिस्त आणि सार्वजनिक मैफल ह्यांतून गाणं समाजात नेलं. दुसऱ्याने देशभर हिंडून बंदिशी जमवल्या, लिपी दिली आणि रागांची शास्त्रीय मांडणी केली.

घराण्यांसाठी दुसऱ्या आठवड्याचा शनिवार ठेवा आणि त्या दिवशी वाचण्याआधी ऐका. जयपूर-अत्रौली घराण्यावर लिहिताना आपण गोमंतकीयांनी पुस्तकातली चार वैशिष्ट्यं उतरवून थांबू नये. अल्लादिया खाँसाहेबांच्या दोन थोर शिष्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई आणि सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई. दोघींचं एकेक ध्वनिमुद्रण लावा आणि ऐकताना लिहा: आकार कसा आहे, तान लयीत कशी गुंफली आहे, स्थायी कशी भरली आहे, राग नेहमीचा आहे की जोड किंवा अनवट. पंधरा मिनिटांत चार वाक्यं तुमची स्वतःची होतील. मग किराणा घराण्याचं एक मुद्रण लावून तेच प्रश्न विचारा, तुलनेचा मजकूर तयार होईल. वैशिष्ट्य लिहिलं की त्याच्या शेजारी एक राग किंवा एका कलावंताचं नाव लिहायचं, हा नियम ठेवा. ‘पेचदार गायकी’ एवढंच लिहिलं तर ते कुठल्याही घराण्याखाली खपून जातं.

रोजच्या बसबद्दल: डिचोली ते पणजी जाताना आदल्या दिवशी लिहिलेलं आठवायचं, परतताना दुसऱ्या दिवशीचा ताल हातावर म्हणायचा. हलत्या बसमध्ये नवं वाचू नका, डोळे थकतात आणि संध्याकाळचा दीड तास वाया जातो. कार्तिकातल्या जत्रा आणि भजनं ह्याच दिवसांत येतात. एखादी संध्याकाळ देवळात जाणारच, तर ती आधीच धरा आणि त्या दिवशीचं काम रविवारच्या चार तासांत टाका. रोजचा रियाज मात्र पाऊण तासाच्या खाली नेऊ नका. प्रात्यक्षिक परीक्षाही जवळच असते, आणि रागांवर लिहिताना जे सुचतं ते त्या रियाजातूनच.

तिसऱ्या आठवड्यात नवं काहीही उघडायचं नाही. सोमवार ते गुरुवार रोज दोन प्रश्न, घड्याळ लावून, हाताने. तीन तासांचा पेपर आणि समान गुणांचे पाच प्रश्न असतील तर प्रत्येकाला बत्तीस मिनिटं. एकशेसाठ मिनिटं लिहिण्यात जातात, वीस मिनिटं प्रश्न वाचायला आणि शेवटी तपासायला उरतात. तुमच्या पत्रिकेत प्रश्नांची संख्या वेगळी असेल तर हाच हिशेब तिला लावा. हाताने म्हणते त्याला कारण आहे. कचेरीत दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना सगळं येत असूनही दुसऱ्या तासात बोटं आखडली आणि शेवटचे प्रश्न अर्धवट राहिले. लिहायची सवय चार दिवसांत थोडी परत येते, आदल्या रात्री येत नाही.

शुक्रवारी फक्त चुका पाहा. आठवडाभर लिहिलेल्या कागदांवर लाल शाईने तीनच गोष्टी शोधा: विभागाची रेघ कुठे राहिली, लिपीचं नाव कुठे राहिलं, आणि कुठल्या वाक्यात कारण दिलं नाही. शनिवारी सकाळी, पेपरच्याच वेळेला, पूर्ण तीन तासांचा पेपर एका बैठकीत लिहा. जुन्या पत्रिकेपैकी जी अजून पाहिली नसेल ती घ्या. पेपरात आधी लयकारी आणि लिपीचे प्रश्न सोडवा. डोकं ताजं असताना गणित बरोबर येतं, आणि निबंधासारखं उत्तर थकल्या हातानेही लिहिता येतं. इतिहासाचं उत्तर दीड-दोन पानांत संपवा. भातखंड्यांवर चार पानं लिहून शेवटचा प्रश्न कोरा सोडलेल्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यात उत्तर येत नव्हतं असं एकदाही वाटलं नाही.

रविवारी पुस्तक कपाटात ठेवा. सकाळी कोऱ्या कागदावर बावीस रेघा मारून दोन्ही सप्तकं न बघता भरा, झपतालाची तिगुन एकदा लिहा, पलुस्कर लिपीत स्थायीची एक ओळ लिहा. ह्याला वीस मिनिटं लागतात. तिन्ही बरोबर आलं की तंबोरा लावून थोडं काफीचं, थोडं बिलावलचं गा. दुपारी दोन पेनं, पट्टी आणि प्रवेशपत्र पिशवीत घाला आणि केंद्राकडे जाणारी सकाळची बस किती वाजता सुटते ते पाहून ठेवा.